मुदतवाढीचा मेल मराठीतून हिंदीत नेताना

प्रश्न: ऐरोलीत राहते, ठाण्यात एम.ए. हिंदीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्प ११ मार्चला द्यायचाय, पण बाबांच्या अपघातामुळे पाच दिवस जास्त हवेत. गाइड सर बनारसकडचे, वयाने मोठे, मेल हिंदीतच करतात. आधी मराठीत लिहिलं, मग हिंदी केलं. मैत्रीण म्हणते, हिंदी वाचताना सरांना ऑर्डर सोडल्यासारखी वाटते. कुठे चुकतंय?

मराठी: «आदरणीय सर, सा. न. वि. वि. आपल्या सूचनेनुसार माझ्या प्रकल्पाचे काम चालू आहे. पण गेल्या आठवड्यात बाबांचा घोडबंदर रोडला अपघात झाला, ते चार दिवस ॲडमिट होते, त्यामुळे लिहायला अवकाश मिळाला नाही. मी प्रामाणिकपणे सांगते, दोन प्रकरणे पूर्ण झाली आहेत. तरी पुढच्या सोमवारपर्यंत मुदतवाढ द्यावी ही नम्र विनंती. एक संधी द्यावी. झालेल्या उशिराबद्दल दिलगीर आहे. आपण आपल्या सवडीने लवकर कळवावे.»

हिंदी: «आदरणीय सर, आपकी सूचना के अनुसार मेरा प्रकल्प चालू है. पर पिछले हफ्ते पिताजी का घोडबंदर रोड पर अपघात हुआ, वो चार दिन ॲडमिट थे, इसलिए लिखने को अवकाश नहीं मिला. मैं प्रामाणिकता से बताती हूँ की दो प्रकरण पूरे हुए हैं. तो मुझे अगले सोमवार तक मुद्दत बढाकर देना चाहिए यह नम्र विनंती है. एक संधी दीजिए. देरी के लिए दिलगीर हूँ. आप आपकी सुविधा से जल्दी बताओ.»

उत्तर: मैत्रिणीचा कान बरोबर आहे. मराठी मेलमध्ये आदर पुरेपूर आहे, पण तो जवळजवळ सगळा क्रियापदाच्या एका रूपात साठवलेला आहे: «द्यावी», «कळवावे». हिंदीत त्या रूपाला थेट जोड नाही. त्यामुळे शब्द पलीकडे गेले आणि आदर अलीकडेच राहिला.

सुरुवात त्या क्रियापदापासूनच करू, कारण मेलमधली सर्वांत मोठी चूक तिथे आहे. मराठीतला विध्यर्थ दोन वेगळी कामं करतो. «रोज व्यायाम करावा» हा उपदेश आहे, कर्तव्य सांगणारा. «मुदतवाढ द्यावी ही विनंती» ही विनवणी आहे. रूप एकच, पण मराठी माणूस संदर्भावरून फरक ओळखतो. शाळेत हिंदी शिकताना आपल्या डोक्यात «करावे म्हणजे करना चाहिए» असं समीकरण बसतं. व्यायामाच्या वाक्याला ते अगदी चपखल आहे. विनंतीला लावलं की मात्र घोटाळा होतो. «मुझे मुद्दत बढ़ाकर देना चाहिए» याचा एक अर्थ «मी मुदत वाढवून द्यायला हवी» असा उलटाच लागतो. आणि ओढून ताणून सरांना कर्ता धरलं, तर «तुम्ही मुदत वाढवून द्यायलाच हवी» असं सरांचं कर्तव्य त्यांनाच सांगितल्यासारखं होतं. पुढे «यह नम्र विनंती है» जोडल्याने ते मऊ होत नाही, कारण हुकूम आधीच होऊन गेलेला असतो.

मग «द्यावी» हिंदीत कसं न्यायचं? देण्याच्या क्रियापदाच्या पायऱ्या एकाखाली एक ठेवून पाहा. «समय दो» हे तुम-चं रूप, मित्राला किंवा धाकट्याला. «समय दीजिए» हे आप-चं रूप, आदराचं खरं, पण शेवटी आज्ञार्थच. बोलताना आवाजाने ते सौम्य होतं. लिहिलेल्या मेलमध्ये आवाज नसतो, आणि जिथे समोरच्याने आपल्यावर उपकार करायचा आहे तिथे नुसतं «दीजिए» रोखठोक वाटतं. «दीजिएगा» त्याहून मवाळ. त्यात भविष्यकाळाची छटा असल्याने «जमेल तेव्हा द्या» असा सूर येतो. पण ते छोट्या, जवळजवळ ठरलेल्या गोष्टींना शोभतं: कागद बघून घेणं, फोन उचलणं. मुदतवाढ मिळणार की नाही हेच ठरायचं असताना «दीजिएगा» लिहिलं, तर होकार गृहीत धरल्यासारखं होतं.

त्यावरची पायरी «समय देने की कृपा करें». लेखी विनंतीची ही प्रतिष्ठित रचना आहे, आणि मराठी «द्यावी ही विनंती»च्या वजनाला सर्वांत जवळ तीच जाते. आणखी वर «यदि आप समय दे सकें, तो मैं आभारी रहूँगी». इथे सगळं वाक्यच «जर»वर उभं आहे, म्हणजे नकाराची वाट उघडी राहते. तुमच्या मेलला मी या दोन पायऱ्यांची सांगड घालेन: «यदि आप उचित समझें, तो मुझे … तक का समय देने की कृपा करें». निर्णय सरांचा, हे पहिल्या तुकड्यात येतं, आणि काय हवंय ते दुसऱ्यात. एक पथ्य मात्र पाळा. «कृपया समय देने की कृपा करें» असं लिहू नका. कृपया आणि कृपा यांची ही द्विरुक्ती आपल्याकडे फार दिसते, आणि हिंदी शिकवणाऱ्याच्या डोळ्यांना ती लगेच खुपते.

आता सर्वनाम. मराठीत «तुम्ही» हे पुरेसं आदराचं आहे. गाइडना «सर, तुम्ही सांगा» म्हणणं पूर्णपणे शिष्टसंमत आहे. हिंदीतलं «तुम» दिसायला जवळचं असलं तरी मानाने खाली आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्ही «आप» लिहिलंत. पण आदर «आप»पाशी थांबला आणि क्रियापदापर्यंत पोचला नाही: «आप बताओ». ठाणे-वाशी लोकलमध्ये, घणसोलीच्या बाजारात, रिक्षावाल्याशी आपण जी हिंदी बोलतो तिच्यात «आप बताओ», «आप जानते हो», «आपने बोला था» हे सर्रास चालतं, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. प्रमाण हिंदीत मात्र «आप»बरोबर «बताइए» किंवा «बताएँ», «जानते हैं», «आपने कहा था» असंच लागतं. बनारसकडच्या माणसाला सर्वनाम आप-चं आणि क्रियापद तुम-चं ही सरमिसळ मानाने जवळ बोलावून मध्येच हात सोडल्यासारखी वाटते. मेल पाठवण्याआधी त्यातल्या प्रत्येक «आप»वर बोट ठेवा आणि त्याचं क्रियापद शोधा. ते «-ओ»ने किंवा «हो»ने संपत असेल तर बदला.

त्याच वाक्यात आणखी एक मराठी खूण आहे: «आप आपकी सुविधा से». मराठीत «आपण आपल्या सवडीने» म्हणताना «आपल्या» हा शब्द स्वतःचा या अर्थीही चालतो आणि तुमचा या अर्थीही. हिंदीने ही दोन कामं वाटून दिली आहेत. वाक्याचा कर्ता आणि वस्तूचा मालक एकच असेल तर «अपना», नाहीतर «आपका». म्हणून «आप अपनी सुविधा से». आणि तुमच्या कामाबद्दल लिहितानाही «मैं मेरा शोध-प्रबंध» नाही, तर «मैं अपना शोध-प्रबंध».

शब्दांकडे वळू. मराठी आणि हिंदीत दिसायला सारखे, पण अर्थाने वेगळ्या वाटेला गेलेले शब्द पुष्कळ आहेत, आणि मुदतवाढीच्या मेलमध्ये ते दाटीने येतात. तुमच्या एवढ्याशा मजकुरात असे सात-आठ सापडले.

सर्वांत महत्त्वाचा «मुद्दत». मराठीत मुदत म्हणजे ठरलेला अवधी. रोजच्या हिंदीत मुद्दत म्हणजे लांबलचक काळ: «मुद्दत बाद मिले» म्हणजे कितीतरी वर्षांनी भेटलो. पाच दिवसांसाठी मुद्दत मागणं विचित्र वाटतं. मुदतवाढीला साधा, सुटसुटीत शब्दप्रयोग आहे «अतिरिक्त समय» किंवा नुसतं «…तक का समय». «समय-सीमा बढ़ाने का निवेदन»ही चालेल, पण त्यात विद्यापीठाची तारीखच हलवायला सांगितल्याचा भास होतो. तुम्हाला तर स्वतःपुरती सवलत हवी आहे. «मोहलत» अर्थाने बरोबर आहे, पण त्याला देणेकऱ्याचा आणि शिक्षेचा वास आहे. तो टाळा.

«अवकाश» तितकाच फसवा. मराठीत लिहायला अवकाश मिळाला नाही, म्हणजे वेळ किंवा उसंत मिळाली नाही. हिंदीत अवकाश म्हणजे प्रथम सुट्टी, रजा: ग्रीष्मावकाश, आकस्मिक अवकाश. रिकामा वेळ हाही अर्थ आहे, पण तो फुरसतीचा. «लिखने को अवकाश नहीं मिला» वाचून सरांना वाटेल की लेखन हे सुट्टीत करायचं काम होतं. इथे «मैं लिख नहीं सकी» एवढं सरळ वाक्य पुरतं.

«सूचना» मराठीत मार्गदर्शकाने केलेली, म्हणजे काय करावं ते सांगणारी. हिंदीत सूचना म्हणजे माहिती, खबर. «आपकी सूचना के अनुसार» म्हणजे तुम्ही दिलेल्या बातमीप्रमाणे. सरांनी अध्यायांची रचना बदलायला सांगितली असेल, तर ते «निर्देश» किंवा «सुझाव». निर्देश म्हटलं की त्यांचा अधिकार मान्य होतो आणि सुझाव म्हटलं की सल्ला. गाइडसाठी «आपके निर्देशानुसार» हे जास्त योग्य.

«अपघात» मात्र आधी बदला. हिंदी कोशांत त्याचे अर्थ हत्या, विश्वासघात या बाजूचे आहेत. रस्त्यावरच्या अपघाताला हिंदीत «दुर्घटना» म्हणतात. मुंबईत राहिलेल्या सरांना तुम्हाला काय म्हणायचंय ते कळेल, पण वडिलांच्या दुखण्याबद्दलच्या वाक्यात त्यांना असं अडखळायला लावू नये.

«प्रकरण» हिंदीत बहुधा एखादं गाजलेलं किंवा कोर्टातलं प्रकरण. पुस्तकाच्या भागाला «अध्याय». «संधी» मराठीत मोका, हिंदीत «संधि» म्हणजे तह, किंवा व्याकरणातली स्वरसंधी. मोक्याला «अवसर». पण हे वाक्य मी अख्खंच काढेन. «एक अवसर दीजिए» हे नापास झालेल्याने किंवा चूक करून बसलेल्याने म्हणायचं वाक्य आहे, आणि तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. «दिलगीर» हिंदी-उर्दूत उदास, खिन्न. माफीसाठी «क्षमा चाहती हूँ» किंवा थोडं औपचारिक «क्षमाप्रार्थी हूँ». «विनंती»ला हिंदीत सरळ रूप «विनती», पण त्यात गयावया जास्त आहे, देवापुढची किंवा मालकापुढची. शिक्षकाला लिहिताना «निवेदन» किंवा «अनुरोध». दोन्हींत निवेदन अधिक नम्र आहे. अनुरोध बरोबरीच्या किंवा कार्यालयीन पत्रात जास्त शोभतो.

«प्रकल्प»ला हिंदीत साधारण «परियोजना» म्हणतात, पण एम.ए.च्या शेवटी लिहायच्या मोठ्या कामाला «लघु शोध-प्रबंध» हा शब्द रूढ आहे. विभागाच्या नोटिशीवर किंवा मुखपृष्ठाच्या नमुन्यावर जो शब्द छापलाय तोच घ्या. खाली मी लघु शोध-प्रबंध धरून चाललो आहे.

«प्रामाणिकपणे सांगते» याचा अनुवाद करूच नका. हिंदीत «प्रामाणिक» म्हणजे प्रमाणभूत, अधिकृत. «ईमानदारी से कहूँ तो» असं बरोबर हिंदी केलं तरी नुकसानच आहे, कारण त्यातून बाकीच्या वाक्यांवर शंकेची सावली पडते. मराठीत ही बोलण्याची सवय आहे, तिला मेलमध्ये काम नाही. दोन अध्याय जोडून पाठवा, म्हणजे सांगण्याची गरजच उरत नाही.

मायना आणि शेवट. «सा. न. वि. वि.» म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. हे मराठी पत्राचं खास लेणं आहे आणि हिंदीत त्याचा शब्दशः अवतार नाही. त्याच्या जागी «सादर प्रणाम» लिहा. उत्तर भारतात मोठ्यांना, विशेषतः गुरुजनांना प्रणाम म्हणणं अगदी रोजचं आहे, त्यात नाटकीपणा नाही. वर «आदरणीय सर» ठीक आहे. आडनाव घालायचं असेल तर त्याला «जी» लावा, नुसतं आडनाव उघडं ठेवू नका. «पूज्य गुरुदेव», «करबद्ध प्रार्थना», «आपकी असीम अनुकंपा» वगैरे टाळा. पाच दिवसांच्या मागणीपुढे हे शब्द इतके मोठे आहेत की वाचणाऱ्याला खुशामतीचा संशय येतो.

शेवटी «आपकी छात्रा» पुरे. «आपकी आज्ञाकारी छात्रा» शाळेतल्या रजेच्या अर्जावर असतं. «भवदीया» कार्यालयीन पत्राला, जिथे लिहिणारा आणि वाचणारा यांचं वैयक्तिक नातं नसतं. हाच मजकूर पुढे विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज म्हणून द्यायची वेळ आली, तर साचा बदलतो: वर «सेवा में», मग पद आणि पत्ता, «महोदय» किंवा «महोदया», सुरुवात «सविनय निवेदन है कि», आणि खाली «प्रार्थिनी» किंवा «भवदीया». गाइडच्या मेलला हा साचा लावला तर दोन वर्षांची ओळख पुसून तुम्ही खिडकीपलीकडच्या कारकुनाशी बोलताय असं वाटेल.

मजकुराच्या क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. मराठी मेल आधी कामाची स्थिती सांगतो, मग अपघात, मग मागणी. हिंदी पत्रातही तसं चालतं. पण सरांकडे दिवसाला बरेच मेल येत असणार. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत मागणी आणि तारीख दिसली पाहिजे, कारण ती शोधायला लावणं म्हणजे त्यांचा वेळ घेणं. कारण नंतर, दोन वाक्यांत. हॉस्पिटलचे तपशील, कोण कोण धावपळ करत होतं, खर्च किती आला, यातलं काही नको. जितकं जास्त सांगाल तितका सरांवर दबाव वाढेल, आणि आदराने मागणाऱ्याने दबाव टाकू नये.

तारखेला विशेष जपा. हिंदीत «कल» म्हणजे काल आणि उद्या दोन्ही, «परसों» म्हणजे परवा, मागचा आणि पुढचाही. «अगला सोमवार» कुणी येणारा धरतं तर कुणी त्याच्या पुढचा. म्हणून वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहा. नुसतं «16 मार्च तक» म्हटलं तर तो दिवस धरायचा की नाही हा प्रश्न राहतो, वेळ घातली की मिटतो. हिंदी मजकुरात आकडे 11, 16 असेच ठेवा. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ ने संघाच्या कारभारासाठी भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप ठरवलं आहे, आणि आजच्या हिंदी लेखनात बहुतेक ठिकाणी तेच दिसतं.

«झालेल्या उशिराबद्दल दिलगीर» यातही एक गोम आहे. तुम्ही ११ तारखेच्या आधी लिहिताय, म्हणजे उशीर अजून झालेलाच नाही. न घडलेल्या गोष्टीची माफी मागितली की मुदत चुकवणार हे तुम्ही ठरवूनच टाकलंय असं दिसतं. माफी मागायची तर सरांचं वेळापत्रक बिघडेल त्याची मागा: «आपको होने वाली असुविधा».

आणि «लवकर कळवावे». मराठीत विध्यर्थाने हे वाक्य सावरलं जातं, हिंदीत «जल्दी बताओ» उघडं पडतं. क्रियापद सुधारून «शीघ्र सूचित करने की कृपा करें» केलं तरी घाई उरतेच. मागणारीने उत्तराची वेळ ठरवू नये. «आपके निर्देश की प्रतीक्षा रहेगी» म्हटलं की उत्तर हवंय हे कळतं आणि कधी द्यायचं ते सरांवर राहतं.

हे सगळं जमेला धरून मेल असा होईल:

> विषय: लघु शोध-प्रबंध जमा करने के लिए 16 मार्च तक के समय हेतु निवेदन
>
> आदरणीय सर,
> सादर प्रणाम।
>
> मुझे अपना लघु शोध-प्रबंध बुधवार, 11 मार्च तक आपके पास जमा करना है। निवेदन है कि यदि आप उचित समझें, तो मुझे इसके लिए सोमवार, 16 मार्च, शाम पाँच बजे तक का समय देने की कृपा करें।
>
> 2 मार्च को घोड़बंदर रोड पर हुई एक दुर्घटना में मेरे पिताजी घायल हो गए थे। वे चार दिन अस्पताल में भर्ती रहे और उनकी देखभाल के कारण मैं उस सप्ताह लिख नहीं सकी।
>
> आपके निर्देशानुसार पहले दो अध्याय मैंने पूरे कर लिए हैं और इस मेल के साथ भेज रही हूँ। तीसरा अध्याय आधा लिखा जा चुका है। उपसंहार और संदर्भ-सूची शेष हैं।
>
> यदि अतिरिक्त समय देना संभव न हो, तो जितना काम तैयार है, उतना मैं 11 मार्च को ही जमा कर दूँगी। आपको होने वाली असुविधा के लिए क्षमाप्रार्थी हूँ। आपके निर्देश की प्रतीक्षा रहेगी।
>
> आपकी छात्रा,
> नाम, एम.ए. हिंदी (द्वितीय वर्ष), रोल नंबर

अपघाताची तारीख आणि तिसऱ्या अध्यायाची स्थिती मी नमुन्यादाखल घातली आहे, तुमची खरी घाला. शेवटच्या परिच्छेदातलं «संभव न हो, तो» हे वाक्य तुमच्या मराठीत नव्हतं, मी मुद्दाम जोडलं. आदर सगळ्यात जास्त याच वाक्यात आहे. सरांना नाही म्हणायचं असेल तर ते तुमच्यावर अन्याय केल्याच्या भावनेशिवाय म्हणू शकतात. फक्त ११ तारखेला अर्धं काम द्यायची तयारी खरोखर असेल तरच ते लिहा.

«वे चार दिन भर्ती रहे» यात वडिलांसाठी अनेकवचन आहे. मराठीत «बाबा होते» म्हणतोच, तेच इथे. तुम्ही लिहिलेलं «वो … थे» बोलण्यात चालतं, लेखी हिंदीत आदरार्थी «वे» घ्या. आणि «मैंने पूरे कर लिए हैं» यात «ने» आल्यामुळे क्रियापद अध्यायांप्रमाणे चालतं, तुमच्याप्रमाणे नाही. «मैं पूरे कर ली हूँ» असं होणार नाही. बाकी ठिकाणी मात्र तुमचं स्त्रीलिंग जपा: «भेज रही हूँ», «नहीं सकी», «कर दूँगी».

शेवटची नजर शुद्धलेखनावर टाका, कारण वाचणारे हिंदीचे प्राध्यापक आहेत. मराठी सवयीने होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. पहिली «की» आणि «कि» यांची. मराठीत दोन वाक्यं जोडणारा शब्द दीर्घ «की» आहे, हिंदीत तो ऱ्हस्व «कि». दीर्घ «की» हिंदीत «ची» या अर्थी येते. तुमच्या मसुद्यात «बताती हूँ की» असं आहे, ते «कि» हवं. दुसरी अंत्य वेलांटीची. मराठीत तत्सम शब्दांच्या शेवटची वेलांटी दीर्घ लिहितात: स्थिती, अनुमती, तिथी. हिंदी मूळ संस्कृतप्रमाणे ऱ्हस्व ठेवते: स्थिति, अनुमति, तिथि. तिसरी नुक्त्याची. «बढाना», «पढाई», «घोडबंदर» हे हिंदीत बढ़ाना, पढ़ाई, घोड़बंदर. फोनवर मराठी कीबोर्ड लावून हिंदी टाइप केली की तो स्वतःहून स्थिती, तिथी सुचवत राहतो, आणि नुक्त्याची अक्षरं शोधावी लागतात. कीबोर्डची भाषा हिंदी करून घ्या, निम्म्या चुका तिथेच थांबतील. वाक्याच्या शेवटी टिंब नको, पूर्णविराम म्हणून उभा दंड «।» द्या.

मेल गेल्यावर व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवायला हरकत नाही. मघाशी बाजूला ठेवलेलं «-इएगा»चं रूप इथे कामाला येतं: «सर, प्रणाम। मैंने आपको एक मेल भेजा है, सुविधा हो तो देख लीजिएगा।» मागणी मात्र या ओळीत पुन्हा लिहू नका, ती मेलमध्येच राहू दे. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरा मेल न करता कॉलेजात प्रत्यक्ष भेटा.

सरांनी होकार दिला तर मराठी «हो सर, थँक यू» याचं «हाँ सर, ठीक है» करू नका. मोठ्या माणसाने दिलेल्या परवानगीला «ठीक है» म्हणणं म्हणजे आपणच त्यांना मान्यता दिल्यासारखं होतं, आणि नुसता «हाँ»सुद्धा तुटक लागतो. «जी सर, हार्दिक आभार। 16 मार्च को शाम पाँच बजे तक जमा कर दूँगी।» एवढं लिहा. सरांनी पाचऐवजी तीनच दिवस दिले, तर घासाघीस न करता त्यांची तारीख घालून हेच वाक्य पाठवा: «जी सर, हार्दिक आभार। 14 मार्च तक जमा कर दूँगी।»